रेसच्या शीटमधला ४५ टक्के नफा: किती खरा, किती नशिबाचा?

पुण्याचा पावसाळी सीझन असो, मुंबईतल्या महालक्ष्मीचा हिवाळी सीझन असो, की हैदराबादचं मलकपेट, बंगळुरू, म्हैसूर. रेस सुरू झाल्या की मोबाईलवर एक्सेल शीट फिरू लागतात. मागच्या दोन सीझनच्या सगळ्या रेस, शेजारी एक ‘नियम’, आणि खाली हिरव्या रंगात ठळक आकडा: नफा ४५ टक्के. नियम साधासुधाच असतो. अमुक जॉकी, तमुक वजन, बाजारातला दुसरा फेव्हरिट. शीट पाठवणारा शपथेवर सांगतो की एकही आकडा खोटा नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. आकडे खरे असूनही नफा खोटा असू शकतो, आणि तो कसा खोटा ठरतो हे कागदावर तपासता येतं.

जुन्या निकालांवर नियम चालवून बघण्याला बॅकटेस्ट म्हणतात. शेअर बाजारात वावरणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. घोड्यांच्या शर्यतीचं उदाहरण इथं मुद्दाम घेतलंय, कारण आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत पैज लावता येणाऱ्या मोजक्या गोष्टींत ती आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात तिला कौशल्याचा खेळ मानलं. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली, त्यामुळे ॲपवर क्रिकेटचे सौदे विकणाऱ्यांचा विषय वेगळा. इथं बोलतोय ते रेसकोर्सवरच्या अधिकृत टोट आणि बुकीबद्दल.

समजा, बेळगावात एका पेढीचे हिशोब लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच अशी शीट बनवली. त्याचा नियम असा: ज्या जॉकीचं सीझनमधलं जिंकण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे, त्याचा घोडा बाजारात दुसरा फेव्हरिट असेल तर त्यावर ‘विन’ लावायचं. हिशोब सोपा राहावा म्हणून सगळे भाव ४ धरू, म्हणजे १०० रुपये लावले आणि घोडा जिंकला तर मुद्दलासह ४०० परत. त्याच्या शीटमध्ये २३१ पैजा निघाल्या आणि ८४ जिंकल्या. गुंतवले २३,१००, परत आले ३३,६००. नफा १०,५००, म्हणजे शेकडा ४५.

जुलैमध्ये मार्चचा तक्ता

पहिली गडबड जॉकीच्या प्रमाणात आहे. हे प्रमाण त्याने कुठून घेतलं? सीझन संपल्यावरच्या तक्त्यातून. म्हणजे सीझनच्या पहिल्या आठवड्यातल्या पैजेचा निर्णय त्याने अशा तक्त्यावर घेतला जो त्या दिवशी छापलाच गेला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, ज्या रेसवर तो पैज लावतोय ती रेस जॉकीने जिंकली असेल तर तो विजय त्या तक्त्यात आधीच मोजलेला आहे. पेपर तपासून झाल्यावर उत्तरपत्रिका समोर ठेवून परीक्षेला बसण्यासारखं आहे हे.

वाटतं की एका-दोन विजयांनी असा काय फरक पडणार? आकडे घालून बघू. २० जॉकी घ्या, सगळे अगदी सारख्या ताकदीचे. प्रत्येकाने ४० रेस धावल्या, प्रत्येक रेसमध्ये जिंकण्याची शक्यता आठात एक, आणि भावही ८. क्लबचा कट क्षणभर बाजूला ठेवू. इथं कुणाकडेच काही खास नाही. दीर्घकाळात ना नफा, ना तोटा. प्रत्येकाला सरासरी ५ विजय मिळायला हवेत. पण नशीब सारखं वाटलं जात नाही. कुणाला २ मिळतील, कुणाला ७. गणित केलं तर अशा एका जॉकीला ९ किंवा जास्त विजय मिळण्याची शक्यता साधारण साडेपाच टक्के येते. २० जणांत सरासरी एक जण. त्याचं प्रमाण झालं साडेबावीस टक्के, म्हणजे तो ‘२० टक्क्यांच्या वर’ या चाळणीतून पार. आता त्याच्या सगळ्या ४० रेसवर ‘मागे जाऊन’ पैज लावा: ४० टाकले, ९ गुणिले ८ म्हणजे ७२ परत. नफा ८० टक्के, आणि त्यातला रुपयाही कौशल्याचा नाही. चाळणीनेच जिंकलेले निवडले आणि मग जिंकलेल्यांवर पैज लावली.

दुरुस्ती एक्सेलमध्येच होते. प्रत्येक ओळीत त्या रेसच्या तारखेच्या आधीच्या रेसच मोजायच्या. अ स्तंभाऐवजी शीटमध्ये दिसतात तीच अक्षरं वापरायची तर तारीख A मध्ये, जॉकी D मध्ये आणि घोड्याचा क्रमांक F मध्ये असेल, तेव्हा सूत्र असं:

```
=COUNTIFS(D:D,D2,A:A,"<"&A2,F:F,1)/COUNTIFS(D:D,D2,A:A,"<"&A2)
```

यातलं `<` हे चिन्ह महत्त्वाचं. तिथं चुकून `<=` पडलं तर आजची रेस स्वतःच स्वतःच्या आकड्यात शिरते. सूत्र बरोबर बसलं की सीझनच्या पहिल्या काही ओळींत `#DIV/0!` दिसतं, कारण त्या जॉकीने तोवर एकही रेस धावलेली नसते. ही त्रुटी दिसणं चांगलं लक्षण आहे. ज्या शीटमध्ये पहिल्या दिवसापासून प्रत्येक जॉकीचं प्रमाण व्यवस्थित भरलेलं आहे, तिथं पुढचं पाहून मागचं लिहिलंय हे समजायला दुसरा पुरावा लागत नाही. (तीन रेसमध्ये एक विजय म्हणजे ३३ टक्के, असले आकडेही सुरुवातीला येतात. म्हणून किमान ३० रेस झाल्याशिवाय जॉकी विचारात घ्यायचा नाही, अशी अट घालावी लागते.)

घोड्याच्या रेटिंगचंही हेच. हँडिकॅपर रेसनंतर रेटिंग बदलतो, जिंकणाऱ्याचं वाढतं. आज घोड्याचं पान उघडून दिसणारं रेटिंग गेल्या ऑगस्टच्या ओळीत भरलं तर तो ऑगस्टमध्ये जिंकला होता ही बातमी त्या आकड्यात लपून येते. जुनं रेटिंग हवं तर त्या दिवशीचं रेसकार्डच शोधावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात.

भाव कुठल्या वेळेचा?

दुसरी गळती जास्त चोरटी आहे. ‘दुसरा फेव्हरिट’ हे निकालपत्रकातल्या शेवटच्या भावावरून ठरवलंय. पण शेवटचा भाव गेट उघडताना ठरतो. खिडकीवर उभ्या माणसाला दोन मिनिटं आधी जो दुसरा फेव्हरिट दिसतो तो शेवटच्या झुंबडीत पहिला किंवा तिसरा होऊ शकतो. त्यातही ज्या घोड्यावर शेवटी जाणकारांचा पैसा येतो तो वर सरकतो. म्हणजे शीटमधला दुसरा फेव्हरिट हा जाणकारांनी पसंत केलेला घोडा, आणि खिडकीवरच्या माणसाला मिळणारा दुसरा फेव्हरिट हा कदाचित त्यांनी सोडून दिलेला.

टोटवर तर लाभांश किती हे पूल बंद झाल्यावरच कळतं, आणि त्यात आपलाही पैसा मिसळलेला असतो. समजा विनच्या पुलात १ लाख रुपये आहेत, कर आणि क्लबचा वाटा मिळून २० टक्के कापले जातात असं धरू, आणि आपल्या घोड्यावर लोकांचे २० हजार आहेत. ८० हजार भागिले २० हजार, भाव ४. आता आपण त्यावर ५ हजार लावले. पूल १ लाख ५ हजार, कट जाऊन ८४ हजार. घोड्यावर २५ हजार. भाव उरला ३.३६. चारच्या भावाला शेकडा २५ वेळा जिंकलं तरी बरोबरी होते, ३.३६ ला जवळपास ३० वेळा जिंकावं लागतं. जुन्या निकालांवर बॅकटेस्ट चालवताना हे दिसत नाही, कारण त्या पुलात आपले पैसे नव्हतेच.

यावर उपाय म्हणजे शीटमधल्या प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर तो आकडा किती वाजता कळला हे लिहायचं. रेसकार्ड: आदल्या दिवशी. ट्रॅकची अवस्था: सकाळी. माघार घेतलेले घोडे: रेसच्या आधी, पण नेमकं केव्हा ते बघून. शेवटचा भाव: पैज लावून झाल्यावर. पैज लावण्याच्या वेळेनंतरचा एकही स्तंभ नियमात वापरायचा नाही. ज्याच्याकडे जुने, वेळेसकट नोंदलेले भाव नाहीत त्याला ‘दुसरा फेव्हरिट’ हा नियम मागच्या काळावर तपासताच येणार नाही. त्याने एक सीझन पैसे न लावता, रोज खिडकीवर दिसणारे भाव वहीत उतरवून काढावा.

आपल्या हिशोबनिसाने हे सगळं केलं असं धरू. जॉकीचं प्रमाण तारखेनुसार आलं, भाव दोन मिनिटं आधीचे आले, काही रेस गळाल्या. उरल्या २०० पैजा आणि ५६ विजय. २०,००० लावून २२,४०० परत. ४५ टक्क्यांचे १२ टक्के झाले. तरीही बँकेच्या ठेवीपेक्षा किती तरी बरे, असं कुणीही म्हणेल.

२०० पैजा म्हणजे किती?

इथून प्रश्न बदलतो. शीट आता प्रामाणिक आहे, पण २०० पैजांवरून काय कळतं?

५६ विजय म्हणजे २८ टक्के. पण हाच नियम पुन्हा २०० रेसवर चालवला तर नेमके ५६ येणार नाहीत. किती वरखाली होईल याचं मोजमाप संख्याशास्त्रात सरळ आहे: ०.२८ गुणिले ०.७२, भागिले २००, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर साधारण ३.२ टक्के. दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट जागा सोडायची पद्धत आहे. म्हणजे जिंकण्याचं खरं प्रमाण साधारण २१.७ ते ३४.३ टक्के यांत कुठंही असू शकतं. पैशांत सांगायचं तर १३ टक्के तोट्यापासून ३७ टक्के नफ्यापर्यंत. ‘१२ टक्के नफा’ या वाक्याचा प्रामाणिक अर्थ एवढाच निघतो.

दुसरा प्रश्न विचारायला लोक विसरतात: हा नियम सापडेपर्यंत किती नियम तपासले? वजन, अंतर, ट्रेनर, ड्रॉ, ब्लिंकर्स असं करत ४० नियम तपासून झाले आणि त्यातला हा सगळ्यात चांगला निघाला असेल, तर तुलना कुणाशी करायची हेच बदलतं. २० टक्के कट असलेल्या बाजारात ४ च्या भावाला डोळे मिटून लावणारा माणूस २०० पैकी सरासरी ४० जिंकेल. पण असे ४० डोळे मिटलेले नियम एकत्र चालवले, तर त्यातला सगळ्यात नशीबवान सहज ५२ च्या आसपास पोचतो. म्हणजे काहीही न कळता ४ टक्के नफा दाखवणारा एक नियम त्या चाळिसात बहुधा असतोच. आपले ५६ विजय ४० पासून खूप दूर वाटत होते. ५२ पासून ते फक्त चार पावलांवर आहेत.

म्हणून नियम शोधायचा एका काळात आणि तपासायचा दुसऱ्या काळात. पहिल्या दोन सीझनवर हवे तेवढे प्रयोग करावेत, तिसरा सीझन कुलपात ठेवावा. नियम पक्का लिहून काढल्यावर तो एकदाच उघडायचा. निकाल आवडला नाही म्हणून नियमात किरकोळ बदल करून पुन्हा उघडला तर तोही सीझन प्रयोगातच जमा झाला. मग चौथ्याची वाट बघायची. आणि भाग तारखेनेच पाडायचे. रेस चिठ्ठ्या टाकून दोन ढिगांत वाटल्या तर एकाच घोड्याची नोव्हेंबरची रेस शोधण्याच्या ढिगात आणि सप्टेंबरची तपासण्याच्या ढिगात पडते, आणि भविष्य पुन्हा मागच्या दाराने आत येतं.

मग किती पैजा पुरेत? ढोबळ सूत्र असं. `price` म्हणजे भाव, `edge` म्हणजे प्रत्येक रुपयामागे मिळणारी खरी आघाडी.

```
bets = 4 * (price - 1) / edge^2
```

खरी आघाडी १२ टक्के असेल तर ४ च्या भावाला ४ गुणिले ३, भागिले ०.०१४४, सुमारे ८३० पैजा. आघाडी ५ टक्के असेल तर ४,८०० पैजा. तोच ५ टक्के २ च्या भावाला १,६०० पैजांत दिसतो, तर १० च्या भावाला १४,४०० लागतात. लांबच्या घोड्यांवर आपलं तंत्र ‘सिद्ध’ झाल्याचं सांगणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा नीट वाचावा: तिथं वर्षभराचा नफा तीन-चार विजयांवर उभा असतो. आणि हा आकडाही उदारच म्हणायचा. एवढ्या पैजा केल्या तरी खरी आघाडी असलेला माणूस निम्म्या वेळा कसोटीवर काठावर नापास होईल. दहापैकी आठ वेळा ती दिसावी अशी अपेक्षा असेल तर संख्या जवळपास दुप्पट करावी लागते.

आपल्या हिशोबनिसाला वर्षाला १०० पैजा मिळत असतील तर ४,८०० साठी ४८ वर्षं लागतील. तोवर ते जॉकी निवृत्त होतील, आणि घोडे तर त्याच्या कितीतरी आधी. मग मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरूचे निकाल एकत्र करून संख्या वाढवावी, हा विचार साहजिक आहे. मात्र त्याला मर्यादा आहे. मुंबई आणि पुण्याच्या रेस एकाच क्लबच्या, घोडे आणि जॉकीही बरेचसे तेच. एकाच जॉकीच्या एकाच दिवशीच्या चार पैजा म्हणजे चार स्वतंत्र पुरावे नव्हेत. तो फॉर्मात असेल तर चारही एकत्र वर जातात. कागदावर ८०० दिसणाऱ्या पैजांची खरी किंमत त्यामुळे त्याहून कमी असते.

बुकीकडे ठरलेल्या भावाला लावणाऱ्यांसाठी एक जवळची वाट आहे. जिंकलो की हरलो हे बाजूला ठेवून आपल्याला मिळालेला भाव आणि रेस सुटतानाचा भाव यांची नोंद ठेवायची. दर वेळी साडेचार घेतले आणि शेवटी तो घोडा चारवर आला, असं शंभर-दोनशे पैजांत सातत्याने होत असेल, तर बाजाराच्या आधी आपल्याला काहीतरी कळतंय. भावातला फरक विजय-पराभवासारखा उड्या मारत नाही, त्यामुळे तो कमी पैजांत स्पष्ट दिसतो. अट एकच: शेवटचा भाव बऱ्यापैकी खरा असायला हवा. जिथं उलाढाल थोडी तिथं तो तसा असेलच असं नाही. आणि टोटवर ही वाट बंद, कारण तिथं सगळ्यांना शेवटचाच भाव मिळतो.

आणि मग आयकर

शीटमध्ये एक स्तंभ बहुधा नसतोच. घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर लागतो, वर उपकर वेगळा, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. दुकानाच्या हिशोबासारखा ‘निव्वळ नफ्यावर कर’ इथं नाही.

त्याच २०० पैजा पुन्हा घ्या, प्रत्येकी १०० रुपयांच्या. ५६ विजयांत प्रत्येकी ३०० सुटले, एकूण १६,८००. त्यावर ३० टक्के म्हणजे ५,०४० रुपये कर. १४४ पैजांत गेले १४,४००. करापूर्वी हातात २,४०० होते. कर भरल्यावर २,६४० चा खड्डा. १२ टक्के नफ्याचं तंत्र १३ टक्के तोट्याचं झालं, आणि तेही नशिबाचा भाग अजून वजा न करता. ४ च्या भावाला कर धरून बरोबरी साधायची तर २०० पैकी ५० नव्हे, ६५ वेळा जिंकावं लागतं. पुढच्या वेळी हिरव्या आकड्याची शीट आली की पाठवणाऱ्याला तीन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक स्तंभाची वेळ, टाकून दिलेल्या नियमांची यादी, आणि कर कापल्यानंतरची बेरीज.